'मी पुस्तक वाचले' हा कर्तरी का नाही? बारावीच्या लेकीला पटत नाहीये

उदगीरची_माय

नमस्कार मंडळी. लेक यंदा बारावीला आहे, लातूर बोर्ड. सराव पेपरात प्रयोग ओळखायला 'मी पुस्तक वाचले.' असं वाक्य आलं. तिनं कर्तरी लिहिलं. उत्तर कर्मणी होतं, मार्क गेला.

मार्काचं जाऊ द्या, पण तिचं म्हणणं मला खोडता येईना. ती म्हणते, "कर्ता बदलून बघायचं असं शिकवलंय ना? मी मुलगी आहे म्हणून 'वाचले'. दादा असता तर 'मी पुस्तक वाचलो' म्हणला असता. कर्ता बदलला, क्रियापद बदललं. मग कर्तरीच."

आमच्या घरात खरंच असं बोलतात. तिचा दादा 'मी भाकर खाल्लो' म्हणतो, ती 'मी भाकर खाल्ले' म्हणते. मीही तसंच बोलते. तिनं नियम तर बरोबर लावला, मग उत्तर कसं चुकलं? कुणी नीट समजावून सांगेल का? नुसतं 'पाठ कर' म्हणलेलं तिला चालत नाही.

सचिन_वाळूज

ताई, लई सोपंय. कर्त्याला 'ने' असेल तर कर्मणी. वाक्यात 'ला' दिसला तर भावे. दोन्ही नसेल तर कर्तरी. मी ह्याच्यावरच दहावी-बारावी काढली. तुमच्या वाक्यात 'मी'ला काहीच लागलेलं नाही, म्हणजे कर्तरी. लेकीचं बरोबर आहे, पेपर परत तपासायला द्या.

गोदाकाठ

उदगीरच्या ताई, मी नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होतो, आता निवृत्त आहे. हा प्रश्न वर्गात दरवर्षी यायचा, आणि बहुतेक वेळा उदगीर, देगलूर, निलंगा या पट्ट्यातल्या मुलांकडूनच यायचा. तुमच्या लेकीनं चाचणी बरोबर लावली. फक्त ती लावताना वाक्य स्वतःच्या घरच्या बोलीत वाचलं, आणि पेपरातलं वाक्य प्रमाण मराठीतलं आहे.

प्रमाण मराठीत मुलगा 'मी पुस्तक वाचले' असं लिहितो आणि मुलगीही तेच लिहिते. 'मी पुस्तक वाचलो' तिथं नाहीच. म्हणजे करणारा बदलला तरी क्रियापद हलत नाही.

गोंधळ होतो तो 'ले'मुळं. लिहिताना दोन वेगळे 'ले' एकसारखे दिसतात. 'मी घरी गेले' यातला 'ले' बोलणाऱ्या मुलीचा आहे. 'मी पुस्तक वाचले' यातला 'ले' पुस्तकाचा आहे, कारण पुस्तक नपुंसकलिंगी आणि एकच आहे. पुण्यामुंबईकडं बोलताना हा दुसरा 'ले' 'लं' होतो, 'मी पुस्तक वाचलं' म्हणतात, त्यामुळं तिकडच्या मुलांना दोन्ही कानालाच वेगळे लागतात. तुमच्या लेकीच्या कानाला ते एकच आहेत. ती पुस्तकाचा 'ले' स्वतःचा समजली.

यावर उपाय आहे. 'मी'वर चाचणी लावायचीच नाही. 'मी' काढून तिथं 'ताई' घाला आणि वाक्य घरी बोलता तसं म्हणून बघा. 'ताई पुस्तक वाचली' असं म्हणता का?

उदगीरची_माय

नाही सर. 'ताईनं पुस्तक वाचलं' म्हणतो.

गोदाकाठ

झालं. 'ताईनं'मध्ये 'नं' आपोआप आला. आता 'मी घरी गेले' घ्या आणि तिथं 'ताई' घाला. 'ताई घरी गेली.' इथं 'नं' आला नाही. याचा अर्थ 'मी पुस्तक वाचले'मधल्या 'मी'लाही तृतीयाच आहे, फक्त ती दिसत नाही. मी, तू, आम्ही, तुम्ही या चौघांना 'ने' वरून लागत नाही, म्हणून पोरं फसतात. तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस 'म्या भाकर केली' म्हणत असेल तर लेकीला ऐकवा. तो 'म्या' म्हणजेच 'मी'ची जुनी तृतीया. ती माणसं 'म्या घरी गेले' असं म्हणत नाहीत, तिथं 'मी'च म्हणतात.

इथवर कर्तरी बाद झाला. पण म्हणून लगेच कर्मणी लिहायचं नाही, भावे अजून शिल्लक आहे. आता 'ताईनं' तसंच ठेवा आणि पुस्तकाच्या जागी पोथी घाला: ताईनं पोथी वाचली. मग पेपर घाला: ताईनं पेपर वाचला. वाचलं, वाचली, वाचला. क्रियापद वाचल्या जाणाऱ्या वस्तूमागं फिरलं, म्हणून कर्मणी.

ही दुसरी पायरी नपुंसकलिंगी कर्म असलं की कधीच गाळू नये. भावे प्रयोगात क्रियापद नेहमी नपुंसकलिंगी एकवचनीच असतं. पुस्तक, पत्र, गाणं, घर अशी कर्मं आली की कर्मणीतलं क्रियापदही नेमकं तसंच दिसतं. नुसतं बघून दोन्हीत फरक करता येत नाही. कर्म बदलल्यावरच कळतं.

सचिन_वाळूज

सर, 'मी'चं पटलं. पण 'ला' असला की भावे, हे तर पक्कं ना?

गोदाकाठ

सचिनराव, तेही अर्धंच. दोन वाक्यं बघा.

शेतकऱ्याने बैल बांधला.
शेतकऱ्याने बैलाला बांधले.

काम एकच, बैलही तोच. पहिल्यात बैलाच्या जागी गाय आणा: गाय बांधली. बदललं, कर्मणी. दुसऱ्यात गाय आणा: गायीला बांधले. बैलांना बांधले. काही हललं नाही. करणारी बाई केली तरी 'शेतकरणीने बैलाला बांधले'. कर्त्याकडंही नाही, कर्माकडंही नाही, म्हणून भावे. इथपर्यंत तुमचा 'ला' चालतो.

आता हे घ्या: आईने लेकीला साडी दिली. 'ला' आहे. तुमच्या हिशोबानं भावे. पण साडीच्या जागी ड्रेस घाला: आईने लेकीला ड्रेस दिला. क्रियापद बदललं, म्हणजे कर्मणी. इथं दिली गेली ती साडी, लेक घेणारी आहे. 'ला' घेणारीला लागलाय आणि साडी मोकळी आहे. त्यामुळं वाक्यात 'ला' शोधत बसू नका. ज्या वस्तूवर क्रिया घडते त्याच शब्दाला 'ला' किंवा 'स' लागलाय का, एवढंच बघा. 'त्याने भिंतीला रंग दिला' हेही तसंच, दिला गेला तो रंग.

जालना_ते_पुणे

मला वाटतं मूळ प्रश्नच चुकलाय. कर्मणी म्हणजे इंग्रजीतला पॅसिव्ह. 'माझ्याकडून पुस्तक वाचले गेले' हा कर्मणी. 'मी पुस्तक वाचले' हे साधं ॲक्टिव्ह वाक्य आहे, ते कर्मणी कसं होईल? आम्हाला इंग्रजीच्या तासाला असंच रूपांतर करायला लावायचे.

गोदाकाठ

इंग्रजीचा हिशोब इथं लावला की घोटाळा होतो. मराठीत प्रयोग ठरतो तो क्रियापद कुणाच्या लिंग-वचनाप्रमाणं वळतं यावरून. वाक्यात करणाऱ्याला मान दिलाय की केलेल्या वस्तूला, यावरून नाही. 'रामाने आंबा खाल्ला' यात राम पुढंच उभा आहे, तरी खाल्ला, खाल्ली, खाल्लं हे आंबा, भाकरी आणि फळ ठरवतात, राम ठरवत नाही. म्हणून कर्मणी.

तुम्ही म्हणता ते 'कडून… गेले' वाक्यही कर्मणीतच धरतात. त्याला नवीन कर्मणी म्हणतात आणि काही जण कर्मकर्तरी म्हणतात. पण तो एक उपप्रकार झाला, सगळा कर्मणी नव्हे.

बीडचा_अभ्यासू

सर, माझं पण एक वाक्य अडलंय. मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. 'तू गोष्ट सांगितलीस' याला मी कर्मणी लिहिलं, उत्तरतालिकेत संकर आलं. हरकत घ्यावी का?

गोदाकाठ

हरकत घेऊ नका. 'सांगितली' गोष्टीमुळं झालं. किस्सा घातला तर 'सांगितलास' होतं. पण शेवटचा 'स' कुणाचा? तो 'तू'चा. 'तुम्ही' घातलं की 'गोष्ट सांगितलीत' होतं. एकाच क्रियापदावर कर्म आणि कर्ता दोघांची खूण आहे, म्हणून कर्तृ-कर्म संकर. बारावीच्या मुलांनी यात शिरू नये, त्यांना तीनच प्रयोग पुरेत. पण 'मी'चं वाक्य समजायला हे उपयोगी आहे. 'तू'नं निदान 'स' तरी मागं ठेवला, 'मी'नं प्रमाण मराठीत काहीच ठेवलं नाही. आपल्या भागात मात्र 'मी'नंच क्रियापदाचा पूर्ण ताबा घेतलाय.

परभणी_रेल्वेगेट

हे कुठून आलं असेल सर? आम्ही परभणीत 'मी काम केलं' म्हणतो. बायकोचं माहेर औसा. तिकडं सगळे 'मी काम केलो'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं चुकून बोलले.

गोदाकाठ

चूक नाही, त्या पट्ट्याची ती रीतच आहे. लातूर, नांदेडचा दक्षिण भाग, धाराशिवचा काही भाग, पुढं सोलापूर. नकाशा बघितला तर एका बाजूला बीदर, दुसऱ्या बाजूला तेलंगण. कन्नडमध्ये 'मी भाकरी खाल्ली' हे 'नानु रोट्टी तिंदे' असं होतं. 'तो'चं 'तिंदनु', 'ती'चं 'तिंदळु'. भाकरी कितीही बदला, क्रियापद खाणाऱ्याप्रमाणंच चालतं. तेलुगूतही असंच, 'नेनु तिन्नानु'. शिवाय सोलापूर सोडलं तर हा सगळा मुलूख १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, बाजारात आणि कचेरीत दखनी कानावर पडायची. दखनीत 'मैं रोटी खाया' म्हणतात, उत्तरेकडच्या हिंदीसारखं 'मैंने रोटी खाई' म्हणत नाहीत. तिथंही 'ने' गळालेला आहे. शेजारच्या तिन्ही भाषांत क्रियापद करणाऱ्याचं ऐकतं. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या राहून आपल्या मराठीतला 'मी'ही कर्तरीकडं वळला, असं मला वाटतं. हे कारण पूर्ण सिद्ध झालंय असा माझा दावा नाही, पण नकाशा त्याच बाजूनं बोलतो.

लेकीला हे जरूर सांगा. तिच्या बोलीत 'मी पुस्तक वाचले' हा खरंच कर्तरी आहे. तिचं विश्लेषण तिच्या वाक्यापुरतं अचूक होतं. परीक्षेत विचारलेलं वाक्य दिसायला तेच असलं तरी वेगळं आहे.

देगलूर_नाका

सर, 'ताई' घालायची युक्ती आमच्याकडं सगळीकडं चालत नाही. आमच्या सीमेवरच्या गावांत 'त्यो भाकर खाल्ला' असंही म्हणणारे आहेत. तिसऱ्या माणसालाही 'नं' नाही. त्या पोरानं काय करायचं?

गोदाकाठ

खरं आहे, असं मीही ऐकलंय, पण 'मी केलो'इतकं सर्रास नाही. त्या पोरांना मी कानावर विसंबू देत नसे. छापलेल्या वाक्यातल्या क्रियापदाचा शेवट बघायला लावायचो. 'मी गोष्ट सांगितली.' शेवट 'ली'. आता वाक्यात स्त्रीलिंगी एकवचनी कोण आहे? गोष्ट. 'मी' मुलगा असो की मुलगी, 'मी'बरोबर 'ली' कधीच येत नाही. 'मी गेली' असं प्रमाण मराठीत लिहीत नाहीत. म्हणजे 'ली' गोष्टीचीच. 'मी किस्सा सांगितला' तसंच, 'मी'बरोबर 'ला' येत नाही. पण 'ले' आला की ही युक्ती थांबते, कारण 'ले' दोघांचाही असू शकतो. तिथं त्या पोरांनी पाठ्यपुस्तकात त्याच क्रियापदाचं 'त्याने' किंवा 'तिने' असलेलं वाक्य शोधावं. यापेक्षा सोपी वाट मला सापडलेली नाही.

उदगीरची_माय

सर, लेक शेजारी बसून वाचतेय. तिला 'म्या' लगेच पटलं, आमच्या सासूबाई तसंच बोलतात. आता ती विचारतेय, 'मी कविता विसरले' हे काय? कर्म आहे, भूतकाळ आहे, 'मी' आहे. आता तरी कर्मणी लिहायचं का?

गोदाकाठ

चांगलं वाक्य काढलं पोरीनं. तिलाच 'ताई' घालायला सांगा.

उदगीरची_माय

'ताई कविता विसरली.' 'नं' आला नाही!

गोदाकाठ

म्हणून कर्तरी. 'ताई धडा विसरली', 'दादा कविता विसरला'. क्रियापद विसरणाऱ्याच्या मागं आहे. मराठीत थोडी सकर्मक क्रियापदं अशी आहेत की भूतकाळातही 'ने' घेत नाहीत: विसरणे, शिकणे, बोलणे, नेसणे. ती साडी नेसली, तो खोटे बोलला, मी कविता शिकलो. इथं छापील पुस्तकातसुद्धा 'मी… शिकलो' येतं, आणि ते प्रमाणच आहे.

'म्हणणे' तर दोन्हीकडं जातं. 'ती म्हणाली' यात 'ने' नाही, कर्तरी. 'तिने गाणे म्हटले' यात 'ने' आहे, गाण्याच्या जागी आरती घातली की 'म्हटली', म्हणून कर्मणी. एकच धातू आहे, पण रूप बदललं की प्रयोग बदलतो. 'भूतकाळ अधिक कर्म म्हणजे कर्मणी' असं कुणी शिकवलं असेल तर ते इथं मोडतं.

सचिन_वाळूज

आणि 'पिणे'? आम्ही 'त्यानं पाणी पिलं' म्हणतो. पुस्तकात 'तो पाणी प्याला' आहे.

गोदाकाठ

जुन्या व्याकरणांत 'तो पाणी प्याला', म्हणजे कर्तरी. आज बरेच जण 'त्याने पाणी प्यायले' लिहितात, तिथं चहा घातला की 'चहा प्यायला' होतो, म्हणजे कर्मणी. हे क्रियापद आपल्या डोळ्यांदेखत इकडून तिकडं सरकतंय. पेपरात ज्या रूपात वाक्य आलं असेल त्या रूपावर चाचणी लावायची, 'पिणे' पाठ करून ठेवायचं नाही.

जालना_ते_पुणे

वर्तमानकाळात आणि भविष्यकाळात हा त्रास नाही, बरोबर ना? 'ताई पुस्तक वाचते', 'ताई पुस्तक वाचेल'.

गोदाकाठ

बहुतेक नाही, तिथं कर्तरीच. फक्त एक लक्षात ठेवा, 'मी'चं 'आम्ही' करून तपासू नका. 'मी भाकरी खातो', 'आम्ही भाकरी खातो', क्रियापद तसंच राहतं आणि पोरं कर्तरी नाही असं लिहून मोकळी होतात. लिंग बदला: तो खातो, ती खाते. भूतकाळाशिवाय दुसरी जागा म्हणजे 'वा-वी-वे'ची रूपं. 'मुलांनी रोज कविता वाचावी' कर्मणी, 'मुलांनी लवकर उठावे' भावे, कारण उठण्याला कर्मच नाही.

बीडचा_अभ्यासू

मग 'मला आंबा आवडतो' काय धरायचं सर? क्लासमध्ये एकानं कर्तरी सांगितलं, दुसऱ्यानं कर्मणी.

गोदाकाठ

क्रियापद आंब्यामागं आहे, यात वाद नाही. चिंच आणली की 'आवडते'. वाद आहे तो आंबा कर्ता की कर्म यावर. आंब्याला कर्ता धरला तर कर्तरी. आवड ज्याला आहे तो 'मला' खरा कर्ता मानला तर आंबा कर्म होतो आणि प्रयोग कर्मणी होतो. मी वर्गात कर्तरी शिकवलं, कारण प्रथमेत असलेलं पद आंबा आहे आणि क्रियापद त्याचंच ऐकतं.

देगलूर_नाका

मला नाही पटत सर. आंबा काय करतो इथं? तो टोपलीत पडलाय. आवडायचं काम तर मीच करतोय.

गोदाकाठ

तुमच्यासारखं म्हणणारे अभ्यासकही आहेत. पेपरात हे वाक्य आलं तर मुलांनी कर्तरी लिहावं असं मी सांगेन, पण तुमचा मुद्दा खोडण्याइतकं बळ माझ्या उत्तरात नाही. आंब्याला 'करणारा' म्हणायला जीभ अडते, हे खरंच आहे.

उदगीरची_माय

लेक म्हणतेय ती देगलूरच्या काकांच्या बाजूनं आहे, पण पेपरात सरांचं उत्तर लिहिणार. आता ती सराव पेपरातली बाकीची वाक्यं 'ताई' घालून सोडवायला बसलीय. जिथं अडेल ते वाक्य उद्या इथंच टाकते.